कफवरचा डाग कोणाचा?

*प्रिय ताई, मी सांगलीत बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा महिन्यांपासून इन्स्टाग्रामवर थ्रिफ्ट कपड्यांचं पेज चालवते. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला क्रीम रंगाचं कॉर्डरॉयचं जॅकेट ५४९ ला विकलं, वर डिलिव्हरीचे ७०. पोस्टमध्ये 'साइज एम, चेस्ट ४०, कंडिशन ९/१०, नो फ्लॉज' असं लिहिलं होतं. ती म्हणते, डाव्या कफवर पिवळट डाग आहे, साबण लावल्यावर तो लाल झाला, म्हणजे रक्ताचाच असणार. शिवाय कोपराला रंग उडालाय आणि छातीत घट्ट होतंय. तिला पूर्ण ६१९ परत हवेत, नाहीतर स्क्रीनशॉट स्टोरीला टाकेन म्हणते. तिने पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढलेला नाही आणि माझ्या बायोमध्ये 'नो रिटर्न, नो एक्सचेंज' स्पष्ट लिहिलंय. फोटोंत मी बाह्या दुमडल्या होत्या. जॅकेट मला १२० ला पडलं, स्टीम इस्त्री आणि पॅकिंग धरून १६२. मैत्रीण म्हणते ब्लॉक कर. एकदा पैसे दिले तर उद्या सगळेच मागतील. डाग आधीपासून होता का, ते मला खरंच आठवत नाही. काय करू?*

प्रिय मैत्रिणी,

ब्लॉक करू नकोस आणि आज रात्री तिला लांबलचक उत्तरही लिहू नकोस. 'उद्या संध्याकाळपर्यंत सगळं नीट बघून सांगते' एवढा एकच निरोप पाठव. मग फोनची गॅलरी उघड. पेजवर टाकलेले फोटो नकोत, त्या दिवशी काढलेले सगळे मूळ फोटो बघ, नापसंत म्हणून बाजूला ठेवलेलेसुद्धा. आपण दहा-बारा काढतो आणि त्यातले चार टाकतो. बाही दुमडण्याआधीचा एखादा फोटो त्या उरलेल्यांत सापडू शकतो. डावा कफ दिसेल तिथे बोटांनी मोठा करून बघ. फोटो किती वाजता काढलाय तेही बघ, कारण रात्री पिवळ्या बल्बच्या उजेडात क्रीम कापडावरचा फिका पिवळा डाग दिसतच नाही. दिवसा खिडकीपाशी काढलेल्या फोटोत कफ स्वच्छ असेल तर त्याला वजन आहे. रात्री काढलेल्या फोटोत तो स्वच्छ दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

आता तो डाग. रक्ताची भीती मनातून काढून टाक. साबण लावल्यावर लाल होणारा पिवळा डाग बहुधा हळदीचाच असतो. हळदीतलं रंगद्रव्य आंबट किंवा साध्या पाण्यात पिवळं राहतं आणि क्षाराशी गाठ पडली की तांबडं होतं. साबण आणि कपडे धुण्याची पावडर क्षारधर्मीच असते. आपल्याकडे हळदीला चुना लावून कुंकू करायचे, त्यातला लाल रंग याच कारणाने येतो. रक्ताचं असं होत नाही. जुनं रक्त तपकिरी असतं आणि साबणाने लालभडक होत नाही. तिला लाल झालेल्या जागी लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकायला सांग. रंग पुन्हा पिवळा झाला तर हळद नक्की. पुण्यात बसलेल्या त्या मुलीला आपण कोणाचं तरी रक्त लागलेलं जॅकेट अंगात घातलं असं वाटत असेल, तर तिचा राग पैशांपेक्षा किळसेचा आहे. तिच्या मनातून ती गोष्ट निघाली की बोलणं निम्मं सोपं होईल, म्हणून लिंबाचं आधी सांग आणि पैशांचं नंतर.

पण हळद आहे एवढ्याने डाग कधी पडला ते कळत नाही. आधीच्या मालकिणीच्या जेवणातला असेल, पार्सल उघडल्यावर पुण्यातल्या मिसळीचाही असेल. डागाकडे बघून त्याचं वय सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यावर तिच्याशी वाद घालू नकोस. तुझ्या पत्रात मात्र मला एक धागा दिसला. तू स्टीम इस्त्रीचा खर्च लिहिलास, धुण्याचा उल्लेख कुठेच नाही. हातात आल्यावर तू ते जॅकेट पावडरच्या पाण्यात बुचकळलं असतंस, तर जुना डाग तिथेच लाल होऊन तुझ्या डोळ्यांत भरला असता. पुढे दोन-तीनदा खळबळल्यावर तो पुन्हा फिका पिवळा होतो आणि सुकल्यावर क्रीम रंगात मिसळून जातो. वाफेच्या इस्त्रीने यातलं काहीच होत नाही. डाग होता तसाच राहतो. म्हणजे तू नुसतं इस्त्री करून पाठवलं असशील, तर डाग आधीपासून असण्याची शक्यता चांगलीच आहे आणि तो तुला न दिसणंही साहजिक आहे. हाताने धुतलं होतंस आणि बाही लाल झाल्याचं दिसलं नव्हतं, असं खात्रीने आठवत असेल तर गोष्ट वेगळी. पण तुझं वाक्य 'आठवत नाही' असं आहे आणि ते तू प्रामाणिकपणे लिहिलंस. मी त्यावरच उत्तर देते आहे.

माझं उत्तर असं आहे की कफचा डाग तुझ्या खात्यात धरायचा. तू तो पाडलास म्हणून नव्हे. तू 'नो फ्लॉज' लिहिलंस, आणि कफ स्वच्छ होता हे दाखवणारी एकही गोष्ट तुझ्याकडे नाही. उलट बाह्या दुमडलेल्या फोटोंमुळे तिला तो आधी बघण्याची संधीच मिळाली नाही. जुना कपडा जुनाच असणार, हे घेणाऱ्यालाही कळतं. 'कोपराला थोडी घासट आहे, डाव्या कफवर फिका डाग आहे' असं लिहिलं असतंस, तर तोच डाग दोष ठरला नसता, वर्णन ठरलं असतं.

पार्सल उघडतानाच्या व्हिडिओचा आग्रह आता सोड. ही अट पैसे घेण्याआधी तिला सांगितली असशील तरच ती मागता येते. बरेच पेजवाले हायलाइटमध्ये कुठेतरी लिहून ठेवतात आणि भांडण झाल्यावर दाखवतात. आणि व्हिडिओ असता तरी फार काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात पिशवी फाडतानाच्या व्हिडिओत कफवरचा फिका डाग कोणाला दिसणार होता?

कोपराचं वेगळं आहे. कॉर्डरॉयला उभ्या रेघांवर मखमलीसारखी लव असते. ती एका दिशेला झुकलेली असते, म्हणून एकाच कापडाचा रंग वरून गडद आणि खालून फिका दिसतो. कोपर टेकून टेकून ती लव दबते आणि तिथला भाग चकचकीत, रंग उडाल्यासारखा दिसतो. लव दबली आहे की झडली आहे, हे तिच्या घरी पाच मिनिटांत कळेल. जॅकेट उलटं करून आतल्या बाजूने वाफ द्यायची, मग सुलटं करून मऊ ब्रशने लव उलट दिशेला उभी करायची. रेघा परत वर आल्या तर ती फक्त दबलेली होती. खालचं विणलेलं कापड उघडं दिसत राहिलं तर लव झडली आहे आणि ती परत येत नाही. थोडी दबलेली लव ९/१० मध्ये बसते, झडलेली बसत नाही. एक गोष्ट इथे लक्षात ठेव. लोखंडी इस्त्री सुलट्या बाजूने दाबून फिरवली तरीही लव अशीच चपटी होते. इस्त्रीवाल्याकडे देताना तू उलट्या बाजूने सांगितलं होतंस का? नसेल तर कोपराची ती चकाकी कदाचित तुझ्याच गल्लीतली आहे.

आणि छातीत घट्ट होणं. इथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूने नाही आणि तिच्याही नाही. तू जॅकेट जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावलास, २० इंच आले, दुप्पट करून ४० लिहिलेस. बरोबर ना? हे झालं कपड्याचं माप. तिने वाचलं अंगाचं माप. शिंप्याकडे जाणाऱ्या बाईला 'छाती ४०' म्हणजे स्वतःच्या अंगाभोवती टेप फिरवून येणारा आकडाच माहीत असतो. साध्या शर्टाला अंगापेक्षा दोन-तीन इंच सैल लागतं. आत टी-शर्ट घालायच्या जॅकेटला चार इंच तरी हवेत, त्यातून कॉर्डरॉय ताणलं जात नाही. तुझं जॅकेट ३६ छातीच्या मुलीला बसलं असतं. ४० वाचून ३९ वालीने घेतलं असेल तर तिचं काय चुकलं? एमचं लेबलही उपयोगाचं नाही. एका कंपनीचं एम दुसरीच्या एसएवढं निघतं, आणि जुन्या कपड्याचं लेबल चार धुण्यांआधीचं माप सांगतं.

तरीही घट्ट होण्याची एकटी तक्रार असती, तर मी तुला पैसे परत दे म्हटलं नसतं. आकडा खोटा नव्हता, तिला विचारता आलं असतं. 'एक्सचेंज करून देते' एवढ्यावर थांबायला मी सांगितलं असतं. इथे डाग आहे म्हणून सगळं बदललं.

बायोमधल्या 'नो रिटर्न'बद्दल थोडं कायद्याचं सांगते, कारण तुझ्या वयाच्या अनेक मुली त्या दोन शब्दांना ढाल समजतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे. सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यातली एक प्रथा. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. दोषाच्या व्याख्येत विकणाऱ्याने जो दावा केला त्यात कमी पडणंही येतं, म्हणजे तुझं 'नो फ्लॉज'. 'मला आवडलं नाही', 'रंग फोटोपेक्षा उबदार वाटला' अशा परतीला तू नाही म्हणू शकतेस, 'नो रिटर्न' तिथे चालतं. न सांगितलेल्या दोषापुढे ते चालत नाही. ६१९ रुपयांसाठी कोणी जिल्हा ग्राहक आयोगात जाईल असं मला वाटत नाही. पण पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करणं फुकट आहे. स्वतःच्या कपाटातले चार कपडे कधीतरी विकणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी असते. तू सहा महिने नियमित माल आणून विकते आहेस. तू आता दुकानदार आहेस.

'उद्या सगळेच मागतील' या भीतीकडे येऊ. ती आकड्यांत मांडून बघ. जॅकेट विकल्यावर, डिलिव्हरी बाजूला ठेवून, तुझ्या हातात ५४९ वजा १६२ म्हणजे ३८७ रुपये उरले. समज, तिने जॅकेट परत पाठवलं, तू तिचे ६१९ दिलेस आणि परतीच्या टपालाचे ७० सुद्धा दिलेस. ३८७ मधून ६८९ गेले, तू ३०२ ने खाली आलीस. पण जॅकेट तुझ्याकडे आहे. डाग दाखवून ते ३४९ ला विकलं, नव्या पिशवीचे १२ गेले, तर सगळं मिळून ३५ रुपये वर राहतात. महिनाभराच्या खटाटोपाचे ३५ म्हणजे काहीच नाही, हे खरं. पण बुडालीसही नाहीस.

दुसरा रस्ता असा की जॅकेट तिच्याकडेच राहील आणि तू तिला २०० परत देशील. २०० का? डाग लिहिला असतास तर ते ५४९ ला गेलं नसतं, ३४९ च्या आसपास गेलं असतं. तो फरक तिचा आहे. तो दिल्यावर तुझ्याकडे १८७ उरतात, पार्सल पुण्याहून परत यायला नको, आणि तिला लिंबू-उन्हाने सुधारू शकणारं जॅकेट ३४९ ला मिळतं. तुझ्यासाठी हाच रस्ता जास्त सोयीचा आहे, म्हणूनच सांगते की तो तिच्यावर लादू नकोस. दोन्ही पर्याय एकाच निरोपात ठेव आणि निवड तिची असू दे. ज्या जॅकेटमध्ये हात वर होत नाही ते २०० च्या सवलतीतही कोणी ठेवणार नाही, आणि मग तुझा निरोप घासाघीस वाटेल.

मी लिहिला असता तर निरोप असा लिहिला असता:

"नमस्कार. मी माझे मूळ फोटो तपासले. कफचा फोटो माझ्याकडे नाही आणि पोस्टमध्ये मी 'नो फ्लॉज' लिहिलं होतं, त्यामुळे डागाची जबाबदारी माझी. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफ करा. साबणाने लाल झाला म्हणजे तो रक्ताचा नाही, हळदीचा असावा. त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा, पिवळा होईल. तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. जॅकेट ठेवायचं असेल तर २०० रुपये आज परत करते. परत करायचं असेल तर स्पीड पोस्टने पाठवा, पावतीचा फोटो द्या. पार्सल मला मिळाल्यावर २४ तासांच्या आत ६१९ आणि तुमच्या टपालाचा खर्च परत करते. पाठवण्याआधी आणखी धुऊ नका आणि दोन्ही बाह्यांचा दिवसाच्या उजेडातला एक फोटो मला पाठवा. कोणता पर्याय हवा ते कळवा."

यात 'पण' कुठेही नाही, हे बघ. 'चूक माझी, पण तुम्हीही विचारायला हवं होतं' असं लिहिलंस की पहिलं अर्धं वाक्य पुसलं जातं. मापाचं तिला आता समजावू नकोस. ते तुझ्या पुढच्या पोस्टसाठी आहे.

एखादे वेळी तुझ्या मूळ फोटोंमध्ये दिवसाच्या उजेडातला स्वच्छ डावा कफ सापडला, तर पहिलं वाक्य बदल. तो फोटो, तारीख दिसेल असा, तिला पाठव आणि सरळ लिही की पाठवताना कफ असा होता. त्या वेळी पूर्ण परतीचा आग्रह तुला मान्य करायची गरज नाही. तरी टपाल खर्च तिचा धरून एक्सचेंज दे, असं मी सुचवेन. ती खोटं बोलते आहे असं मात्र लिहू नकोस. घालून बघताना डाग पडला आणि तिलाही कळलं नाही, असंही असू शकतं.

पैसे परत करताना जपायच्या दोन गोष्टी. ज्या यूपीआय आयडीवरून ६१९ आले होते त्याच आयडीवर पाठव. 'माझ्या भावाच्या नंबरवर टाक' म्हटलं तर नम्रपणे नकार दे, कारण उद्या मूळ खात्याची मालकीण 'मला मिळालेच नाहीत' म्हणू शकते आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. पाठवल्यावर व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक तिला लिहून दे. बँकेत पैसे दिसायला उशीर झाला तर त्या क्रमांकावरून शोधता येतात, तुझ्या स्क्रीनशॉटवरून नाही.

दुसरी गोष्ट, पार्सल हातात आल्यावर आधी ते तुझंच जॅकेट आहे ना ते बघ. हा अविश्वास नव्हे, दुकानातला रोजचा व्यवहार आहे. आतली धुण्याच्या सूचनांची पट्टी, बटणांच्या दोऱ्याचा रंग आणि कोपराच्या घासटीचा आकार तुझ्या जुन्या फोटोंशी जुळवून बघ. घासट दोन कपड्यांवर सारखी नसते. जुळलं की त्याच दिवशी पैसे पाठव, २४ तासांची वाट बघू नकोस.

स्क्रीनशॉटच्या धमकीचं एवढंच. तिने ती स्टोरी टाकलीच, तर तुझ्याकडे दाखवायला वरचा निरोप आहे आणि तो वाचून कोणी तुझ्या पेजवरून पळणार नाही. कमेंट आली तर काढू नकोस. खाली 'डाग माझ्याकडून राहून गेला होता, परतीचं कळवलं आहे' असं लिही. तिचं नाव, नंबर, पुण्याचा पत्ता तुझ्याकडे आहे. त्यातलं एक अक्षरही बाहेर जाऊ देऊ नकोस. आणि मैत्रिणींना तिच्या पेजवर जाऊन भांडायला पाठवू नकोस, त्यांनी आपणहून विचारलं तरी.

आता पुढच्या पोस्टबद्दल. मी साताऱ्यात लहानाची मोठी झाले. आमच्या वाड्यात बोहारीण यायची. आई जुन्या साड्यांचं गाठोडं पुढे टाकायची आणि पातेल्यावर नजर ठेवायची. ती बाई मात्र भांड्याचं नाव काढण्याआधी प्रत्येक साडी उचलून दारात जायची आणि उजेडाकडे धरायची. आधी पदर, मग काठ, मग निऱ्यांचा जिथे पायाशी घास लागतो तो भाग, शेवटी मधलं अंग. 'ताई, इथं विरलीया' असं म्हणून ती बोट दाखवायची आणि आई गप्प व्हायची, कारण आम्हाला ते वर्षभर घरात दिसलं नव्हतं. जुन्या कपड्यांवर पोट असणारी बाई आधी तिथे बघायची जिथे कपडा अंगाला, जमिनीला किंवा जेवणाला लागतो. तुझ्या जॅकेटमध्ये त्या जागा म्हणजे कॉलरची आतली बाजू, दोन्ही काखा, दोन्ही कोपर, दोन्ही कफ आणि खालची किनार. बटणं आणि चेन त्यानंतर.

एवढ्याच जागांचे फोटो सकाळी खिडकीपाशी काढून ठेव, पोस्टमध्ये टाकले नाहीस तरी. एका कपड्याला पाच मिनिटं जास्त जातील. त्यांच्याखाली बाह्या उलगडलेला एक पूर्ण फोटो असू दे. धुणं वाफेच्या आधी, आणि धुताना हळदीसाठी डोळे उघडे. सांगलीसारख्या हळदीच्या गावात विकायला आलेल्या फिक्या कपड्यांत हा डाग तुला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

माप लिहिताना आकडा एकटा सोडू नकोस. 'जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत २० इंच, ३६ छातीपर्यंत आरामात' असं पूर्ण वाक्य लिही. लांबी खांद्याच्या शिवणीपासून खालच्या किनारीपर्यंत, बाही खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत. '९/१०' हा प्रकार मी काढून टाकला असता. नऊचा अर्थ तुझ्यासाठी एक आणि तिच्यासाठी दुसरा. त्याऐवजी 'कोपराला हलकी घासट, फोटो ४ बघा' असं लिहिलं की वाद घालायला जागाच उरत नाही.

बायोमधली ओळही बदल. 'आवड किंवा मापावरून परत नाही. पोस्टमध्ये न सांगितलेला दोष निघाला तर ३ दिवसांत फोटो पाठवा, पैसे आणि टपाल परत.' पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा असेल तर तेही याच जागी, आणि पैसे घेण्याआधीच्या निरोपात पुन्हा एकदा. या ओळीने सगळेच परत मागतील का? डाग आधीच दाखवलेला असेल तर ते कशावरून मागतील?

आणि जॅकेट परत आलंच तर कफला पावडर लावू नकोस. लिंबाचा रस लाव, अर्ध्या तासाने साध्या पाण्याने धू आणि सुलटं करून गच्चीत कडक उन्हात टाक, कफ सूर्याकडे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. थंडीतलं ऊन असलं तरी दोन-तीन दिवसांत डाग बराच फिका होईल. जॅकेट क्रीम आहे म्हणून चालेल, रंगीत कपड्यावर हे करू नकोस, मूळ रंगही उडेल. मग त्या कफचा दिवसाच्या उजेडातला फोटो काढ आणि नव्या पोस्टमध्ये तो पहिला लाव.

तुझी,
ताई